सोन्याचे पट्टे आवळलेत: लगेच उडी, परतीची वाट की दोन्ही बाजूंचे ऑप्शन?

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्यामुळे खान्देशात एमसीएक्स या वायदे बाजारात गोल्ड मिनी हा सोन्याचा छोटा वायदा खेळणारे अनेक जण चार्टकडे वळतात तेव्हा त्यांना भाव नवा नसतो, पट्टे नवे असतात. अमळनेरच्या एका दुकानदार मित्राने परवा चार्टचा फोटो पाठवला. बोलिंजरचे दोन्ही पट्टे एकमेकांच्या जवळ आले होते आणि खाली एकच प्रश्न होता : "भाऊ, भाव वर जाई का खाले?"

पट्ट्यांपाशी या प्रश्नाचं उत्तर नसतं. मधली रेघ म्हणजे गेल्या 20 बंद भावांची सरासरी. त्याच 20 भावांचं प्रमाण विचलन काढून त्याची दुप्पट वर आणि खाली धरली की पट्टे तयार होतात. प्रमाण विचलनाला भाव किती हलतो एवढंच कळतं, कुठे हलतो ते कळत नाही. वरच्या आणि खालच्या पट्ट्यातलं अंतर मधल्या रेघेने भागलं की पट्ट्याची रुंदी मिळते. ती सहा महिन्यांच्या नीचांकावर आली की जॉन बोलिंजर यांच्या पद्धतीत त्याला स्क्वीझ म्हणतात. पुढे मोठी हालचाल होण्याची शक्यता वाढली, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनीच आणखी एक इशारा दिला आहे : स्क्वीझनंतरची पहिली उसळी बऱ्याचदा फसवी असते. भाव एका बाजूला बाहेर डोकावतो, लोकांना आत ओढतो आणि खरी चाल उलट दिशेने करतो.

म्हणून पट्टे अरुंद असतानाच अंदाजाने बाजू घेणं मी तुलनेतच धरत नाही. खरे मार्ग तीन उरतात. पट्ट्याबाहेरच्या पहिल्या बंद भावावर शिरणं, ब्रेकआउटनंतर भाव परत त्या पातळीला येईपर्यंत थांबणं, किंवा भाव वर गेला की कमावणारा कॉल आणि खाली गेला की कमावणारा पुट, असे दोन्ही ऑप्शन विकत घेणं. तिन्ही एकाच उदाहरणावर लावून पाहू. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बाजारातल्यासारखंच ठेवलं आहे.

गोल्ड मिनीचा लॉट 100 ग्रॅमचा आणि भाव 10 ग्रॅमचा. म्हणजे भावातला एक रुपया म्हणजे लॉटमागे दहा रुपये. मधली रेघ 72,000, वरचा पट्टा 72,720, खालचा 71,280. रुंदी दोन टक्के, सहा महिन्यांतली सर्वात कमी. या काळातला सर्वात वरचा भाव 72,780.

संध्याकाळी सहा वाजता अमेरिकेच्या महागाईचा आकडा येतो. उन्हाळ्यात तो आपल्याकडे सहाला येतो, हिवाळ्यात सातला. भाव कोसळतो, 70,980 पर्यंत जातो आणि 71,060 वर बंद होतो. इथे एक बारकावा आहे. आजचा बंद भावही त्या 20 भावांत धरला जातो, त्यामुळे खालचा पट्टा 71,280 वर थांबत नाही. या उदाहरणात तो 71,125 च्या आसपास सरकतो. म्हणजे दिवसभरात 71,200 ला "पट्टा तुटला" म्हणून विकणारा माणूस दिवस संपल्यावरच्या पट्ट्याच्या आतच असतो. बंद भाव येईपर्यंत पट्टा पक्का नसतो आणि एमसीएक्सचा दिवस उन्हाळ्यात रात्री साडेअकराला, हिवाळ्यात 11:55 ला संपतो. निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घेतलेला बरा.

पहिल्या मार्गाचा माणूस सकाळी 71,080 ला शॉर्ट करतो. मधली रेघही आता 71,940 च्या आसपास उतरलेली आहे. स्टॉप लॉस तिच्या जरा वर, 71,950. त्या दिवशी बंद भाव 71,700, पुन्हा पट्ट्याच्या आत. पुढच्या दिवशी भाव 72,250 पर्यंत चढतो आणि वाटेत स्टॉप लागतो. 870 रुपयांचं अंतर, लॉटमागे 8,700 चा तोटा.

पाचव्या दिवशी बंद भाव 73,080. तो वरच्या पट्ट्याबाहेर आहे आणि 72,780 च्या जुन्या उच्चांकाच्याही वर आहे. दुसऱ्या मार्गाचा माणूस अजून काही करत नाही. दोन दिवसांनी भाव 72,800 च्या जवळ खाली येतो, तिथे टिकतो, आणि हा 72,850 ला घेतो. स्टॉप 72,250, म्हणजे धोका 6,000 रुपये. पुढे भाव 74,600 ला जातो.

तिसऱ्या मार्गाच्या माणसाने पट्टे अरुंद असतानाच 72,000 चे कॉल आणि पुट घेतलेले आहेत. दोन्हींचा मिळून प्रीमियम 1,800, म्हणजे लॉटमागे 18,000.

आता याच्या शेजारी दुसरी शक्यता ठेवायला हवी, नाहीतर तुलना एकतर्फी होईल. पहिला झटका खरा निघाला आणि भाव परत न येता सरळ 69,400 ला गेला तर? लॉटमागचा नफा-तोटा, दलाली आणि कर सोडून, ऑप्शन मुदतीपर्यंत ठेवलेले धरून :

| मार्ग | आधी फसवा झटका, मग 74,600 | सरळ 69,400 |
|---|---|---|
| पहिल्या बंद भावावर | तोटा 8,700 | नफा 16,800 |
| परतीची वाट | नफा 17,500 | काहीच नाही |
| कॉल आणि पुट | नफा 8,000 | नफा 8,000 |

शेवटची ओळ मोहात पाडणारी आहे, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगतो. दोन्हीकडे नफा दिसतो, कारण मी दोन्हीकडे 2,600 रुपयांची चाल धरली. भाव 70,200 आणि 73,800 च्या मध्येच राहिला तर या माणसाचा तोटा ठरलेला, आणि मुदतीला तो 72,000 वरच असला तर सगळे 18,000 जातात. शिवाय महागाईचा आकडा किंवा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, म्हणजे फेडची बैठक तारखेसह आधीच माहीत असते, त्यामुळे प्रीमियम आधीच फुगलेला असू शकतो आणि आकडा आल्यावर तो खाली बसतो. चार्टवर पट्टे अरुंद आहेत म्हणून ऑप्शन स्वस्तच असतील असं नाही. आधी प्रीमियम बघा, दोन्हींची बेरीज करा आणि या मुदतीत सोनं तेवढं हललं होतं का ते मागच्या चार्टवर तपासा. एमसीएक्सवरचे सोन्याचे ऑप्शन मुदतीला वायद्यात बदलतात हेही लक्षात ठेवा. मार्जिनची तयारी नसेल तर त्याआधी बाहेर पडावं लागतं.

मुख्य निवड पहिल्या दोन मार्गांतली आहे. माझ्या मते परतीची वाट पाहणाऱ्याचं नुकसान सोसण्यासारखं असतं. त्याची संधी हुकते, पण पैसे जात नाहीत. तरी नुसतं थांबायचं म्हणून थांबणं पुरेसं नाही. पहिला झटका फसवा आहे का, याचे संकेत त्याच रात्री मिळू शकतात आणि ते पट्ट्यांच्या बाहेर असतात.

सर्वात उपयोगी संकेत डॉलरमधल्या सोन्याचा. आपला भाव जागतिक भाव, रुपयाचा दर आणि आयात शुल्क यांतून बनतो. एमसीएक्सवर खालचा पट्टा तुटला, पण डॉलरमधलं सोनं स्वतःच्या जुन्या कक्षेतच बंद झालं, तर ती घसरण रुपया मजबूत झाल्याने आलेली असू शकते. तशी घसरण मला कमी भरवशाची वाटते. उलट बाजूही आहे. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं एकूण आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं आणि इथला भाव एका दिवसात हजारांनी उतरला. जागतिक चार्टवर त्याची काहीच चाहूल नव्हती. अर्थसंकल्पाच्या दिवशी स्क्वीझ असेल तर पहिला मार्गही नको आणि दुसराही.

दुसरा संकेत ओपन इंटरेस्टचा, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांच्या आकड्याचा. भाव पडला आणि ओपन इंटरेस्ट वाढला, तर नव्या सौद्यांच्या बळावर भाव उतरतोय. भाव पडला आणि ओपन इंटरेस्टही घटला, तर जुने घेणारे बाहेर पडतायत. ते संपले की भाव खाली ढकलायला कोणी उरत नाही. मात्र मुदत जवळ आली की लोक पुढच्या महिन्यात सरकतात आणि या आकड्याचा अर्थ बिघडतो. तेव्हा दोन्ही महिन्यांची बेरीज पाहावी.

तिसरा संकेत पट्ट्यांचाच, पण समोरच्या. खऱ्या विस्तारात खालचा पट्टा खाली जाताना वरचाही काही दिवस वर सरकत राहतो. आपल्या उदाहरणात पहिल्या दिवशी तो 72,720 वरून 72,750 पर्यंतच गेला. नुसत्या या संकेतावर मी सौदा करणार नाही. तो उशिरा येतो.

वायदा बदलताना चार्टवर दोन महिन्यांचे भाव जोडले जातात. तिथे पडलेल्या फटीमुळे पट्टे खोटेच रुंदावतात. आणि ज्या वायद्यात सौदेच कमी होतात, उदाहरणार्थ लांबच्या महिन्यांत, तिथले अरुंद पट्टे म्हणजे दबलेली ताकद नव्हे. तिथे ही सगळी तुलना लावू नका.

कोणी काय निवडावं? दिवसभर दुकान किंवा जिनिंग सांभाळून रात्री चार्ट पाहणाऱ्याने परतीची वाट पाहावी आणि सुरुवात गोल्ड गिनीपासून करावी. गिनी 8 ग्रॅमची असल्याने 870 रुपयांच्या त्याच चुकीची किंमत 8,700 ऐवजी साधारण 700 पडते. फेडचा निर्णय आपल्याकडे रात्री साडेअकराला किंवा साडेबाराला येतो, बाजार बंद होताना किंवा झाल्यावर. सकाळी भाव स्टॉपच्या पलीकडेच उघडू शकतो. त्या रात्री उघडा सौदा छोटा असावा, नाहीतर नसावा.

ज्या सराफाच्या तिजोरीत माल आहे त्याला मात्र मी उलट सल्ला देईन. तो आधीच तेजीच्या बाजूला उभा आहे. खालचा पट्टा तुटल्यावर पहिल्याच बंद भावावर त्याने मालाएवढा वायदा विकला आणि झटका फसवा निघाला, तर वायद्यात 8,700 जातात, पण 100 ग्रॅम मालाची किंमतही त्याच काळात जवळपास तेवढीच वाढलेली असते. झटका खरा निघाला आणि तो परतीची वाट पाहत बसला, तर 72,000 वरून 69,400 पर्यंतचा सगळा उतार त्याच्या मालावर बसतो, लॉटमागे 26,000 रुपये. त्याच्यासाठी थांबणं हाच महाग सौदा आहे. वरचा पट्टा तुटला तर त्याने वायद्यात काहीही करू नये.