टक्के की टक्केबिंदू? फरसाणच्या दुकानातला हिशेब

घणसोलीत आमच्या इमारतीखालच्या फरसाणच्या दुकानाचा महिन्याचा हिशेब मी बघते. मार्चमध्ये विक्री ४,००,००० रुपये, नफा ४८,०००. एप्रिलमध्ये केटरर्सना घाऊक सवलत दिली, विक्री ५,००,००० झाली, नफा ५०,०००. सवलत चालू ठेवायची का, हे ठरवायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "नफा वाढलाय की!" दादा म्हणाले, "अगं, दोन टक्क्यांनी घटलाय."

वहिनींनी रुपये पाहिले. नफा २,००० ने वाढला. त्याला जुन्या ४८,००० ने भागून शंभराने गुणलं की सुमारे ४.१७ टक्के वाढ. दादांनी विक्रीतलं नफ्याचं प्रमाण पाहिलं. ते १२ टक्क्यांवरून १० वर आलं होतं. आकडे दोघांचेही बरोबर, पण दादांचा शब्द चुकला. ती घट २ टक्के नाही, २ टक्केबिंदू आहे. दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी म्हणजे टक्केबिंदू. टक्क्यांत मोजायची तर २ भागिले १२, म्हणजे जवळजवळ १६.७ टक्के.

शब्दाचा एवढा आग्रह कशाला? १२ मधून खरोखर २ टक्के घटले असते तर प्रमाण ११.७६ राहिलं असतं आणि पाच लाखांवर ५८,८०० रुपये सुटले असते. हातात आले ५०,०००. एका शब्दात ८,८०० रुपयांचा फरक पडतो.

म्हणून दुकानाच्या निर्णयासाठी मला टक्केबिंदू जास्त कामाचे वाटतात. त्यांना थेट विक्रीने गुणता येतं: पाच लाखांचे २ टक्के म्हणजे १०,००० रुपये. जुनं प्रमाण टिकलं असतं तर एवढा नफा जास्त झाला असता. अर्थात, सवलतीशिवाय विक्री चारच लाख राहिली असती, तर ती बंद करून २,००० गमवावे लागले असते. पण लाखभराचा जादा माल तळून, पॅक करून फक्त २,००० मिळतात, हे दिसल्यावर दादांनी सवलत निम्मी केली. रुपयांतला नफा किंवा विक्री गेल्या महिन्याशी ताडायची असेल, तर मात्र टक्केवारीतला बदलच घ्यावा. मागच्या महिन्यात तोटा असेल तेव्हा तोही काढू नये. ऋण संख्येने भागून आलेल्या उत्तराला अर्थ नसतो. सरळ रुपये सांगावेत.

गुणांचंही तसंच. दादा-वहिनींच्या मुलीला सहामाहीत ६० टक्के होते, वार्षिकला ७२. वाढ १२ टक्केबिंदूंची, किंवा २० टक्क्यांची. क्लासच्या पत्रकावर "२० टक्के वाढ" छापलं तर ते खोटं नाही, पण वाचणारा ६० अधिक २० करून ८० समजतो. शिवाय पुढे ७२ चे पुन्हा ६० झाले, तर घट १६.७ टक्केच भरते, कारण भागायचा आकडा आता ७२ असतो. टक्केबिंदू जाताना बारा, येतानाही बारा. प्रगतिपुस्तकं शेजारी ठेवून बघताना मी तेच वापरते.