अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा: गोळी की बँड?

मामांना सिरोसिस आहे. अजून रक्ताची उलटी झालेली नाही, पण एंडोस्कोपीत अन्ननलिकेत मोठ्या शिरा दिसल्या. फुटू नयेत म्हणून डॉक्टरांनी गोळी आणि बँड असे दोन्ही मार्ग सांगितले आणि घरात काही ठरेना.

सिरोसिसमध्ये यकृत कडक झालं की पोर्टल शिरेतलं, म्हणजे आतड्यांकडून यकृतात येणारं रक्त अडतं, दाब वाढतो आणि ते अन्ननलिकेच्या पातळ शिरांतून वाट काढतं. शीर जितकी मोठी आणि भिंत जितकी पातळ, तितकी फुटण्याची भीती जास्त.

कार्व्हेडिलॉलसारखी गोळी हा दाबच उतरवते. खर्च कमी, पण रोज आणि कायम घ्यावी लागते. दमा असेल किंवा वरचा रक्तदाब ९०च्या खाली जात असेल तर चालत नाही. चक्कर आली तर लगेच कळवायचं. मनाने बंद केली तर दाब पुन्हा चढतो.

बँड म्हणजे एंडोस्कोपीतून शिरेवर चढवलेलं छोटं रबर. तो शीर आवळून टाकतो, पण पोर्टल शिरेतला दाब तसाच राहतो. दर २ ते ४ आठवड्यांनी फेऱ्या, नंतरही तपासण्या, कारण शिरा परत येतात. बँड गळाल्यावर उरलेल्या जखमेतूनही रक्त येऊ शकतं.

मामांना दमा नाही, रक्तदाब बरा आहे. मी गोळीच म्हणेन. गोळी सोसत नसेल त्याला बँड. एकदा रक्तस्राव झालेल्याला सहसा दोन्ही लागतात. काळी शौच दिसली तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो, तेव्हा मात्र थेट रुग्णालय.