खर्चाच्या पानासाठी पाय चार्ट की आडवे बार?

समजा, एका अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेचा वर्षाचा खर्च 18 लाख रुपये आहे: मानधन 6.5, वह्या-पुस्तके 4.4, प्रवास 3.9, भाडे 2 आणि कार्यालय 1.2 लाख.

पाय चार्टमध्ये पुस्तके आणि प्रवास या फोडी जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण डोळ्याला कोनांतला बारीक फरक चटकन कळत नाही. शिवाय रंगांची सूची बाजूला असते. अहवालाची काळी-पांढरी झेरॉक्स निघाली की पाचही रंग करडे होतात आणि कुठली फोड कशाची, हेच समजत नाही.

आडव्या बारमध्ये तोच अर्ध्या लाखाचा फरक लांबीवरून लगेच दिसतो. 'वह्या-पुस्तके' हे नाव डावीकडे सरळ बसतं, आकडा बारच्या टोकाला येतो, सूची लागतच नाही. क्रम मोठ्याकडून लहानाकडे ठेवा. अक्ष मात्र शून्यापासूनच सुरू हवा. तो 1 लाखापासून धरला तर मानधन कार्यालयाच्या सत्तावीस पट दिसेल, प्रत्यक्षात ते साडेपाच पटही नाही.

पाय मी एकाच ठिकाणी ठेवेन: दोनच भाग असतील तेव्हा, नावं फोडींवरच लिहून.

शीर्षक 'खर्चाचा तपशील' नको. 'दर 3 रुपयांतला 1 रुपयाहून जास्त मानधनावर' असं लिहा. खाली 'रक्कम लाख रुपयांत' आणि आर्थिक वर्ष.