बिल 56 च्या बारचं, माल 50 च्या बारचा

सांगली-कुपवाड भागात जॉबवर्क करून घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. फसवणूक अशी आहे की व्हर्नियर लावला तरी माल पास होतो.

शेडच्या टाय रॉडसाठी मला M30 आट्याचे 80 मिमी लांब नट हवे होते, 200 नग. पाना 46 चा, म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर, अक्रॉस फ्लॅट, 46 मिमी. हेक्स बार लगेच मिळत नव्हता, म्हणून राउंड बारमधून मिलिंग करायचं ठरलं. ऑर्डरवर मी स्पष्ट लिहिलं होतं: EN8, 56 राउंड, म्हणजे EN8 पोलादाचा 56 मिमी व्यासाचा गोल बार.

56 का, तर षटकोनाचे कोपरे सपाट बाजूंपेक्षा बाहेर असतात. अक्रॉस फ्लॅटला 1.1547 ने गुणलं की समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर येतं. 46 ला ते 53.12 मिमी होतं. म्हणजे 53 चा बारही तोकडा, शिवाय काळ्या बारची साल आणि थोडा वाकडेपणा काढायला दोनेक मिमी जादा लागतं. बाजारात त्याच्या वरचं सहज मिळणारं माप 56.

माल आला, फ्लॅटवर व्हर्नियर लावला, सगळीकडे 46. पलूसच्या साइटवर पोरांनी पाना लावून जोर दिला आणि नट जागेवरच गोल व्हायला लागले. आधी पान्यावरच संशय घेतला. नवा पाना आणला, तरी तेच.

मग एक नट उन्हात धरून नीट पाहिला. दोन सपाट बाजू जिथं मिळतात तिथं धारदार रेघ हवी. तिथं सुमारे 6 मिमी रुंदीची गोलसर पट्टी होती, वरपासून खालपर्यंत. त्या पट्टीवर मिलिंगच्या खुणा नव्हत्या, उलट बारची काळी साल तशीच होती. कटर तिथं पोचलाच नव्हता. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर व्हर्नियर लावून, हळूहळू हलवून सगळ्यांत मोठं माप घेतलं: 50.2. म्हणजे 50 चा बार. M30 च्या प्रमाणित नटाला हे माप किमान 50.85 लागतं, तिथंही हा नट बसत नाही.

मशीनवाल्याला फोन केला तर उत्तर आलं, "ओ दादा, फ्लॅटवर व्हर्नियर लावा की, 46 भरतंय का नाही बघा. कोपऱ्याला चॅम्फर दिलाय, हातात रुतू नये म्हणून." चॅम्फर नटाच्या तोंडाला असतो, साधारण 30 अंशाचा. तो काही 80 मिमी लांबीभर उतरत नाही, आणि त्यावर काळी सालही राहत नाही.

पाना सपाट बाजूच्या मधोमध जोर देत नाही, कोपऱ्याजवळ देतो. पूर्ण षटकोनात एक बाजू 26.6 मिमी रुंद असते, 50 च्या बारमधून ती जेमतेम 19.6 उरते. पान्याची पकड मध्यापासून 13.3 ऐवजी 9.8 मिमीवर येते, म्हणून तेवढ्याच टॉर्कला कडेवरचा जोर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वाढतो. कड तिथंच चेपते आणि पाना घसरतो.

आता पैशाचं. बारचं वजन व्यास गुणिले व्यास भागिले 162, इतके किलो दर मीटरला. 56 ला 19.36, 50 ला 15.43. 80 मिमीच्या तुकड्यामागे 1.55 किलोचं बिल, वापरलं 1.23. 200 नगांवर सुमारे 63 किलो पोलाद बिलात होतं, मशीनवर कधी चढलंच नाही.

तयार नट तोलून मात्र हे पकडता येत नाही, आणि इथंच बहुतेक जण फसतात. पूर्ण नट साधारण 770 ग्रॅमचा, हा फक्त 17 ग्रॅम हलका. तुकड्यातला बाकीचा फरक एरवी चिपमध्येच गेला असता, आणि चिप मशीनवाल्याकडेच राहते. त्यामुळे कोपरा मोजल्याशिवाय इलाज नाही.

मी नट आणि ऑर्डरची प्रत घेऊन मशीनवाल्यासमोर बसलो, कोपऱ्यावर व्हर्नियर त्याच्याच हातात दिला. तेव्हा माल परत घेतला. आता ड्रॉइंगवर 46 च्या खाली वेगळी ओळ असते: अक्रॉस कॉर्नर किमान 52.5, सहाही कोपऱ्यांवर काळी साल नको. आणि कापलेल्या बारचं टोक मोजून, पहिला नग कोपऱ्यावर तपासल्याशिवाय पुढचे कापू देत नाही.