एकाच माणसाने घेतलेल्या दोन सह्या: एक अनुचित प्रभावाची, दुसरी बळजबरीची

माझ्या मावशीची फसवणूक तिच्या विश्वासातल्या माणसाने केली. अशी फसवणूक झालेली कुटुंबे पुष्कळ असतात. त्यांतली बरीच पुढे न्यायालयात अडखळतात, कारण आपली सही नेमकी कशामुळे मिळवली गेली हे त्यांना धडपणे सांगता येत नाही. मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना करार कायदा शिकवतो, त्यामुळे हा प्रकार घडल्याप्रमाणे आणि कलमांच्या भाषेतही मांडतो. ज्यांच्या घरी कोणी वृद्ध एकटे राहते आणि ज्यांना परीक्षेत या विषयावरचा प्रश्न सोडवायचा आहे, त्या दोघांनाही तो उपयोगी पडावा.

मावशीचे वय ७४. काकांच्या हयातीपासून एक गृहस्थ त्यांचे प्राप्तिकराचे आणि बँकेचे काम पाहत. काका गेल्यावर पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, भूखंडाचे मूळ खरेदीखत, सगळे त्यांच्याच कपाटात राहिले. मावशी त्यांना भाऊ म्हणत असे आणि ते तिला वहिनी म्हणत. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्याइतका तो विश्वास होता. मावशीच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णालयातून घरी आल्यावर पंधरवड्याच्या आत हे गृहस्थ तयार साठेखत घेऊन आले. भूखंडाची रेडी रेकनरप्रमाणे किंमत ४२ लाख रुपये होती. साठेखतात १५ लाख लिहिले होते, पैकी २ लाख इसार म्हणून दिले आणि खरेदीदार ते स्वतःच होते. साक्षीदार म्हणून त्यांच्या कार्यालयातली दोन मुले आली होती. त्यांनी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, रक्कमही सांगितली. मावशीने विचारले, "भाऊ, तुम्हीच बघितलंय ना सगळं?" ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या काळजीपोटीच घेतोय अंगावर." तिने सही केली.

दोन-अडीच महिन्यांनी ते पुन्हा आले. या वेळी पुरवणी करार होता: खर्चापोटी किंमत आणखी ३ लाखांनी कमी आणि ताबा लगेच. एव्हाना मावसबहिणीने साठेखत वाचले होते आणि मावशीच्या मनात शंका शिरली होती. तिने सही नाकारली आणि आपली कागदपत्रे परत मागितली. दुसऱ्या पायावर उपचार ठरले होते आणि त्यासाठी ठेव मोडायची होती, हे त्या गृहस्थांना पक्के ठाऊक होते. त्यांनी शांतपणे सांगितले की पुरवणी करारावर सही झाली की पावत्या आणि खरेदीखत त्याच दिवशी पोचते होईल, तोवर नाही. तेच वाक्य त्यांनी संध्याकाळी व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवले. माणूस हुशार खरा, पण हा मोह त्यांना आवरला नाही. चार दिवसांनी मावशीने सही केली.

पहिल्या वकिलांनी पाठवलेल्या नोटिशीत दोन्ही कागदांविषयी एकच वाक्य होते: आमच्या अशिलाची सही बळजबरीने, अनुचित प्रभावाने, फसवणुकीने व दिशाभूल करून घेण्यात आली. वाचायला हे भारदस्त वाटते. समोरून आलेल्या उत्तरात मात्र एवढेच विचारले होते की धमकी कोणती, कोणी, कोणत्या तारखेला दिली आणि खोटे विधान कोणते केले. साठेखताच्या बाबतीत याचे उत्तर आमच्याकडे नव्हते, कारण त्या दिवशी धमकी दिली गेली नव्हती आणि रक्कमही लपवलेली नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे अशा आरोपांचे तपशील, तारखांसह, दाव्यातच द्यावे लागतात. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच बिशुनदेव नारायण खटल्यात सांगितले आहे की हे आरोप करणाऱ्याने पूर्ण तपशील मांडलेच पाहिजेत. सगळे शब्द एका दमात लिहिले की त्यांतला एकही नीट सिद्ध होत नाही.

दुसऱ्या वकीलबाईंनी दोन्ही सह्या वेगळ्या काढल्या. परीक्षार्थ्यांनी नेमके हेच करायला हवे.

आधी साठेखत. करार कायद्याचे, म्हणजे १८७२ च्या अधिनियमाचे, कलम १६ दोन गोष्टी मागते: दोन पक्षांमधले नाते असे असावे की एकाला दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवता येईल, आणि त्याने त्या स्थानाचा वापर करून गैरवाजवी फायदा उपटलेला असावा. असे वर्चस्वाचे स्थान कधी मानायचे, हे याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. प्रत्यक्ष किंवा वरकरणी अधिकार असेल, विश्वासाश्रित नाते असेल, किंवा समोरच्याची मानसिक क्षमता वय, आजार अथवा शारीरिक-मानसिक क्लेशामुळे तात्पुरती वा कायमची बाधित झालेली असेल, तर ते स्थान आहे असे धरले जाते. मावशीच्या बाबतीत विश्वासाचे नाते तर होतेच, आणि शस्त्रक्रियेनंतरची अवस्था रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर वेदनाशामक औषधांसकट नोंदलेली होती. ४२ लाखांचा भूखंड १५ लाखांना, तोही सल्लागारानेच घ्यायचा, हा व्यवहार पाहताक्षणी अन्याय्य दिसतो. मग तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे आपण प्रभाव वापरला नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या गृहस्थांवर जातो. जिथे एकाने दुसऱ्यावर सक्रिय विश्वास टाकलेला असतो तिथे व्यवहाराचा सद्भाव विश्वास मिळवणाऱ्याने सिद्ध करावा, हे पुरावा कायद्यातही होते आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११४ मध्येही आहे. मावशीला दुसऱ्या कोणाचा सल्ला घेण्याची संधी दिली होती का, या प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

यातली क्रमवारी मोडू नये. प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद या निकालात ती ठरवून दिली आहे: प्रथम वर्चस्वाचे नाते दाखवा, मग व्यवहार अन्याय्य आहे का ते पाहा, आणि त्यानंतरच भाराचा प्रश्न येतो. त्या खटल्यात व्याज २४ टक्के आणि तेही चक्रवाढ होते; तरीही कर्जदाराला वर्चस्वाचे नाते दाखवता आले नाही, म्हणून तो हरला. नुसती किंमत कमी किंवा व्याज जास्त एवढ्यावर विद्यार्थी अनुचित प्रभावाचा पर्याय निवडतात, तेव्हा मी त्यांना हा निकाल आठवायला सांगतो. कलम १६ खालचे शेवटचे उदाहरणही तेच सांगते: पैशाची टंचाई असताना बँकर चढ्या व्याजाशिवाय कर्ज देत नाही, तरी तो नेहमीचा व्यवसाय आहे. उलट बाजूनेही सावध राहावे लागते. काका-पुतण्या, आजोबा-नातू असे नाते प्रश्नात दिसले की लगेच वर्चस्व धरू नये, कारण केवळ जवळच्या नात्यावरून तसे अनुमान निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या सुभाष चंद्र दास मुशीब खटल्यात स्पष्ट केले.

आता पुरवणी करार. माणूस तोच, नाते तेच, आणि म्हणून वर्गात जवळजवळ सगळे हात पुन्हा अनुचित प्रभावासाठी वर जातात. पण त्या वेळी मावशीची इच्छा नात्यामुळे वाकली नव्हती. तिने तर नाही म्हटले होते. सही मिळाली ती तिचे कागद अडवून ठेवल्यामुळे. कलम १५ प्रमाणे दंड संहितेने मनाई केलेले कृत्य करणे किंवा करण्याची धमकी देणे याला बळजबरी म्हणतात, आणि त्याच व्याख्येचा विसरला जाणारा दुसरा हिस्सा असा की कराराला भाग पाडण्याच्या हेतूने कोणाचीही मालमत्ता बेकायदा अडवून ठेवणे किंवा तशी धमकी देणे हीदेखील बळजबरीच. मद्रासच्या १९२७ च्या मुथय्या चेट्टियार खटल्यात मुदत संपलेल्या मुनिमाने हिशेबाच्या वह्या अडवून मालकाकडून मुक्तिपत्र लिहून घेतले होते. न्यायालयाने ते बळजबरीचे ठरवले. आमच्याकडे एक गोष्ट तपासणे बाकी होते. त्या गृहस्थांची फी थकलेली असती तर कागद ठेवून घेण्याचा काही हक्क होता असा युक्तिवाद त्यांना करता आला असता. मावशीने प्रत्येक वर्षाची फी धनादेशाने दिली होती आणि बँकेच्या उताऱ्यात ती दिसत होती, त्यामुळे अडवणूक बेकायदा ठरण्यात अडचण राहिली नाही. व्हॉट्सॲपवरच्या त्या एका संदेशाने हेतूही सिद्ध केला.

नाते वर्चस्वाचे आणि तरीही उत्तर बळजबरी, अशी परीक्षेतली सर्वांत परिचित वस्तुस्थिती म्हणजे १९१७ चा चिक्कम अम्मिराजू खटला. पतीने आत्महत्येची धमकी देऊन पत्नी आणि मुलाकडून हक्कसोडपत्र घेतले. मद्रास उच्च न्यायालयाने बहुमताने ती बळजबरी मानली. आज या उत्तराखालची जमीन थोडी हलली आहे, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा देणारे जुने कलम राहिलेले नाही. जुन्या निकालावर बेतलेल्या प्रश्नात उत्तर बळजबरी हेच अपेक्षित असते. नव्या संहितेचा उल्लेख असलेल्या प्रश्नात मात्र शब्द नीट वाचावेत.

मी वर्गात आता या दोन्ही सह्यांचा मिळून एक प्रश्न देतो आणि पर्यायांत फसवणूकही ठेवतो. ती कशी वगळायची हे शिकणेही गरजेचे आहे: रक्कम वाचून दाखवली होती, कोणतेही तथ्य खोटे सांगितले नव्हते. त्यांनी भूखंडावर अतिक्रमण झाल्याची थाप मारली असती तर चित्र बदलले असते. प्रश्नात "दबाव आणला" असे शब्द आले की त्यांवर विसंबू नये, कारण प्रश्नकर्ते ते दोन्हीकडे वापरतात. सही होण्याच्या क्षणी समोरच्याने काय केले, ते क्रियापद शोधावे. समजावले, सुचवले, मीच सांभाळतो म्हणाला आणि ती त्याच्यावर विसंबली, असे असेल तर कलम १६. अडवले, कोंडले, मारण्याची किंवा खोट्या फिर्यादीची धमकी दिली, असे असेल तर कलम १५.

दोन्हींत करार आपोआप निरर्थक होत नाही, बाधित पक्षाच्या मर्जीवर रद्द करण्याजोगा होतो. फरक पुढे पडतो. अनुचित प्रभावाच्या करारासाठी असलेल्या कलम १९अ प्रमाणे, बाधित पक्षाला काही लाभ मिळाला असेल तर न्यायालय योग्य वाटतील त्या अटींवर करार रद्द करू शकते. म्हणून वकीलबाईंनी दाव्यातच इसाराचे २ लाख परत करण्याची तयारी लिहिली. लेखी दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याची मुदत, वस्तुस्थिती कळल्यापासून, ३ वर्षे आहे. घरातल्यांनी चर्चेत ती घालवू नये. कागद अडवून सही मागितली जात असेल तर त्याच दिवशी लेखी मागणी करावी आणि तिची पोच ठेवावी.

साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच त्या गृहस्थांनी तडजोड मागितली. दोन्ही करार रद्द झाले, मूळ खरेदीखत आणि पावत्या न्यायालयातच परत मिळाल्या, मावशीने २ लाख रुपये बिनव्याजी फेडले. दाव्याचा खर्च तिला सोसावा लागला. ठेव वेळेत मोडता न आल्याने उपचारासाठी जे हातउसने घेतले होते, ते ती अजून फेडते आहे.