परदेशी शेअर की निर्यातदार कंपनी: चलन हललं की कुणाचं किती हलतं?

१५ जानेवारी २०१५ च्या सकाळपर्यंत स्वित्झर्लंडमधल्या गुंतवणूकदाराला युरोची फारशी काळजी नव्हती. एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, असं स्विस नॅशनल बँकेनं सप्टेंबर २०११ पासून धरून ठेवलं होतं. त्या सकाळी बँकेनं ही मर्यादा अचानक काढून घेतली. फ्रँक काही मिनिटांत प्रचंड वधारला आणि दिवस संपताना एक युरो जेमतेम एका फ्रँकच्या आसपास होता.

त्या दिवशी दोन प्रकारच्या लोकांना फटका बसला. ज्यांच्याकडे जर्मन किंवा फ्रेंच शेअर होते त्यांना, आणि ज्यांच्याकडे स्विस निर्यातदार कंपन्यांचे शेअर होते त्यांना. घड्याळं बनवणाऱ्या स्वॉच समूहाचा शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला. ‘आपलं चलन घसरेल असं वाटतंय, मग परदेशी शेअर घेऊ की आपल्याच देशातली निर्यातदार कंपनी?’ असा प्रश्न पडलेल्यानं हा दिवस नीट समजून घ्यावा. दोन्ही पर्याय एकाच दिशेला पैज लावतात, पण पैजेचा आकार अगदी वेगळा असतो.

आधी परदेशी शेअर. समजा १०,००० फ्रँक गुंतवायचे आहेत आणि दर १.२० आहे. हातात ८,३३३ युरो येतात. शेअर वर्षभरात ८ टक्के वाढला, म्हणजे ९,००० युरो झाले. दरम्यान युरो १.०५ फ्रँकवर आला, तर परत मिळतात ९,४५० फ्रँक. शेअर वाढूनही साडेपाच टक्के तोटा. दोन टक्केवाऱ्यांची नुसती बेरीज केली तर थोडी चूक होते, कारण खरा हिशोब गुणाकाराचा आहे: १.०८ × ०.८७५ = ०.९४५. इथे चलनाचा परिणाम सरळ आणि मोजका असतो. युरो साडेबारा टक्के पडला, तर त्याच्यामुळे माझे साडेबारा टक्केच जातात.

निर्यातदार कंपनीत तसं होत नाही. समजा कंपनी १,००० युरोचा माल विकते. १.२० च्या दरानं १,२०० फ्रँक येतात. पगार, भाडं, सुटे भाग असा सगळा खर्च मायदेशात, १,००० फ्रँक. नफा २००. आता दर १.०५ झाला. माल तेवढाच विकला गेला, पण आले १,०५० फ्रँक. खर्च तोच १,०००. नफा ५०. चलन साडेबारा टक्के हललं आणि नफा ७५ टक्के गेला.

हा तरफेचा परिणाम खर्च कुठल्या चलनात आहे यावर ठरतो. म्हणून तीच कंपनी तीन प्रकारे मांडून पाहू:

| खर्च कुठे | दर १.२० ला नफा | दर १.०५ ला नफा | घट |
|---|---|---|---|
| सगळा फ्रँकमध्ये | २०० | ५० | ७५% |
| निम्मा फ्रँक, निम्मा युरो | २०० | ११२.५ | ४४% |
| सगळा युरोमध्ये | २०० | १७५ | १२.५% |

मला यातली शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची वाटते. विक्री आणि खर्च दोन्ही बाहेर असलेली कंपनी मायदेशातल्या शेअर बाजारात नोंदलेली असली, तरी चलनाच्या दृष्टीनं ती परदेशी शेअरच आहे. शेअर कुठल्या बाजारात आणि कुठल्या चलनात विकत मिळतो, यानं काही ठरत नाही. पैसा कुठे येतो आणि कुठे खर्च होतो, यानं ठरतं.

२०१५ चे निकाल याला धरूनच लागले. स्विस कंपनी नेस्लेची बहुतेक विक्री देशाबाहेर होते, पण कारखानेही जगभर पसरलेले आहेत. चलनांमुळे तिच्या विक्रीच्या आकड्यातून सुमारे ७.४ टक्के गेले (यात एकटा युरो नव्हता, इतरही अनेक चलनं पडली होती). प्रत्यक्ष धंदा मात्र ४.२ टक्के वाढला होता. तो फक्त फ्रँकमध्ये लिहिताना लहान दिसला. स्वॉचची घड्याळं मोठ्या प्रमाणावर स्वित्झर्लंडमध्येच बनतात. तिची विक्री फ्रँकमध्ये फक्त ३ टक्के घटली, पण कामकाजातला नफा सुमारे १७ टक्के कमी झाला. हाँगकाँगमधल्या मंदीचाही त्यात वाटा होता. तरी विक्रीतली छोटी घट नफ्यात इतकी फुगते, ती बराचसा खर्च जागचा हलत नाही म्हणून.

मग आपलं चलन घसरतं तेव्हा ही तरफ तितकीच उलट चालते का? कागदावर हो. दर १.३५ झाला तर पहिल्या कंपनीचा नफा २०० वरून ३५० होतो. व्यवहारात मात्र तीन ठिकाणी गळती लागते. पुढच्या काही महिन्यांची कमाई कंपनीनं वायदा करारानं जुन्याच दरावर बांधून ठेवलेली असते, म्हणून फायदा उशिरा पोहोचतो. मोठ्या ग्राहकाला विनिमय दर दिसतच असतो आणि पुढच्या करारात तो सूट मागतो. आणि कच्चा माल आयात होत असेल, तर तो महाग होतो. शिवाय बाजार थांबून राहत नाही: चलन घसरल्याची बातमी आपण वाचतो, तोवर निर्यातदारांचे शेअर बहुधा वर गेलेले असतात.

परदेशी शेअरमध्येही एक खाच आहे. २०१३ मध्ये जपानचा निक्केई निर्देशांक सुमारे ५७ टक्के वाढला, आणि त्या वाढीचं एक मोठं कारण येनची घसरण हेच होतं. डॉलर त्या वर्षी साधारण ८७ येनवरून १०५ वर गेला. म्हणजे डॉलरमध्ये हिशोब करणाऱ्याच्या हाती सुमारे २९ टक्केच पडले. निर्यातदारांनी भरलेल्या परदेशी बाजारात पैसे घातले, तर शेअर आणि चलन अनेकदा एकमेकांच्या विरुद्ध चालतात.

यावर चलनाची जोखीम काढून टाकलेला, म्हणजे हेजिंग केलेला फंड घेता येतो. त्याची किंमत म्हणजे साधारणपणे दोन देशांच्या अल्पमुदतीच्या व्याजदरांतला फरक. २०२३ च्या उत्तरार्धात अमेरिकेचा दर ५.२५ ते ५.५० टक्के आणि स्वित्झर्लंडचा १.७५ टक्के होता. तेव्हा डॉलरची जोखीम काढायला स्विस गुंतवणूकदाराचे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जात होते. दहा वर्षांसाठी हे मला परवडणारं वाटत नाही. दोन वर्षांत पैसे लागणार असतील, तर विचार करण्यासारखं आहे.

माझा कौल असा. आपल्या चलनाची दीर्घकाळ झीज होईल एवढीच भीती असेल, तर हेजिंग न केलेला परदेशी शेअर घ्यावा. चलनाचा परिणाम जेवढ्यास तेवढा मिळतो, आणि त्या कंपनीचं भवितव्य आपल्या देशातल्या पगारवाढीवर किंवा वीजदरावर अवलंबून नसतं. निर्यातदार कंपनी घ्यायची तर ती धंदा म्हणून पटली तरच. आणि घेण्याआधी वार्षिक अहवालात चलन-संवेदनशीलतेची टीप शोधावी: दर अमुक टक्के बदलला तर नफ्यात किती फरक पडेल, हे बऱ्याच कंपन्या तिथे देतात. ही टीप अनेकदा फक्त ताळेबंदातली येणी-देणी आणि वायदे धरते, पुढच्या वर्षाची विक्री नाही. म्हणून तो आकडा लहान दिसला, तरी कर्मचारी आणि कारखाने कुठे आहेत हे पाहून वरच्या तक्त्यातल्या कुठल्या ओळीत ती कंपनी बसते, ते स्वतः ठरवावं.

एक गट मात्र निर्यातदाराच्या शेअरपासून लांबच राहिलेला बरा: ज्यांचा पगारच निर्यातीच्या धंद्यातून येतो. चलन वधारलं, तर त्यांचा शेअर आणि नोकरी एकाच तिमाहीत डळमळतात.