आखेनमध्ये फुटबॉल खेळायचा, पण कुठे? विद्यापीठाचा क्रीडाविभाग आणि वस्तीतला क्लब: तुलनात्मक आढावा

कोल्हापुरात एखाद्या तालीम संघाकडून खेळलेला मुलगा पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतल्या आखेनला जातो, तेव्हा खेळ चालू ठेवण्याचे दोन मार्ग त्याच्यासमोर असतात. एक म्हणजे विद्यापीठाचा क्रीडाविभाग, ज्याला तिथे ‘होखशूलश्पोर्ट’ म्हणतात. दुसरा म्हणजे वस्तीतला नोंदणीकृत क्लब, म्हणजेच ‘फेराइन’. दोन्हीकडे चेंडू तोच असला तरी प्रवेशाची रीत, संघातली माणसे, भाषेची गरज आणि बाहेर पडण्याचे नियम इतके वेगळे आहेत की निवड आधी विचार करून केलेली बरी.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांविषयी आपण जे ऐकलेले असते, ते जर्मनीला लागू पडत नाही. तिथे विद्यापीठाचा संघ ही खेळाडूची मुख्य ओळख नसते. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, पण आठवड्यामागून आठवडे चालणारा साखळी फुटबॉल हा क्लबांचा असतो. जर्मन फुटबॉल महासंघाच्या छत्राखाली सुमारे 24,000 क्लब आहेत आणि त्यांतले बहुसंख्य क्लब गल्लीतल्या, खेड्यातल्या हौशी माणसांनी चालवलेले आहेत. या बाबतीत फेराइन हा कोल्हापूरच्या तालीम मंडळाचा दूरचा भाऊच म्हणावा लागेल: पेठेचा अभिमान, जुन्या खेळाडूंचा राबता आणि संघापेक्षा मोठे असलेले मंडळ. फरक इतकाच की छत्रपती शाहू स्टेडियमवरची गर्दी तिथे शोधू नये. खालच्या स्तरावरचा सामना पाहायला खेळाडूंचे आईवडील, दोनचार पेन्शनर आणि एखादे कुत्रे एवढाच प्रेक्षकवर्ग असतो.

प्रवेश आणि चाचणी

विद्यापीठाकडे चाचणी अशी नसतेच. सत्राच्या सुरुवातीला संकेतस्थळावर नोंदणी खुली होते, शुल्क माफक असते आणि फुटबॉलसारख्या लोकप्रिय गटांच्या जागा फार लवकर भरतात. नवशिके, मध्यम आणि प्रगत असे गट असतात, पण आपण कोणत्या गटात बसतो हे बहुधा आपणच ठरवायचे असते. त्यामुळे प्रगत गटातही खेळाचा दर्जा वरखाली राहतो.

क्लबमध्ये चाचणी असते, मात्र ती आपल्याकडच्या निवड चाचणीसारखी, एका सकाळी शंभर मुले आणि हातात यादी घेतलेले निवडकर्ते, अशी नसते. तिला ‘प्रोबेट्रेनिंग’ म्हणतात आणि तिचा अर्थ इतकाच की दोनतीन आठवडे संघाच्या नेहमीच्या सरावाला यायचे. सराव बहुधा आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सातनंतर असतो. क्लबच्या संकेतस्थळावर प्रशिक्षकाचा ईमेल किंवा दूरध्वनी असतो. वय, खेळण्याची जागा, आधीचा संघ आणि गावात किती काळ राहणार हे चार ओळींत लिहिले की बहुतेक ठिकाणी ‘मंगळवारी ये’ असे उत्तर येते. एका क्लबचे दोन किंवा तीन वरिष्ठ संघ असतात. पहिला संघ समजा बेत्सिर्क्सलीगा या हौशी साखळीत असेल, तर तिसरा तिच्याखालच्या क्राइसलीगाच्या तळाच्या गटात असू शकतो. म्हणून चाचणीतून ‘घेतले’ किंवा ‘नाकारले’ असा निकाल क्वचितच निघतो. तुम्ही कोणत्या संघात बसाल एवढेच ठरते. दुसऱ्या संघात पाठवले म्हणजे अपमान झाला असे मानण्याचे कारण नाही, कारण तिथून पहिल्या संघात जाणे नित्याचे आहे.

प्रशिक्षक काय पाहतो, हे समजून घेतलेले उपयोगी पडते. सरावाचा मोठा भाग लहान चौकोनात, एका किंवा दोन स्पर्शांत चेंडू पुढे देण्याचा असतो. चेंडू पायात ठेवून तिघांना चकवणाऱ्याचे पहिल्या दिवशी कौतुक होईल, पण चेंडू गेल्यावर तो लगेच मागे धावतो का आणि पावसाळी गुरुवारीही हजर असतो का, यावर प्रशिक्षकाचे मत बनते. बुटांचेही पाहावे लागते. अनेक मैदाने कृत्रिम गवताची आहेत आणि तिथे धातूच्या खिळ्यांच्या बुटांना मनाई असते.

मुलींसाठी एक वेगळी नोंद करायला हवी. स्त्रियांचा संघ प्रत्येक क्लबमध्ये नसतो, त्यामुळे जवळचा क्लब सोडून बस किंवा रेल्वेने दूर जावे लागण्याची शक्यता अधिक असते. हा एक मुद्दा विद्यापीठाच्या बाजूने जातो.

खेळण्याचा परवाना: खरी अडचण इथे आहे

विद्यापीठाच्या गटात खेळायला कोणताही परवाना लागत नाही. क्लबच्या साखळी सामन्यात उतरायला मात्र महासंघाने दिलेली खेळण्याची परवानगी लागते, जिला सगळे अजूनही ‘श्पीलरपास’ म्हणतात. आपला विद्यार्थी भारतात संघाकडून नोंदणीकृत असेल, तर आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र आवश्यक ठरते. क्लब आपल्या महासंघामार्फत अर्ज करतो, जर्मन महासंघ भारतीय फुटबॉल महासंघाला विचारतो आणि तिकडून मान्यता आली की परवाना निघतो. यासाठी पारपत्राची प्रत, राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला आणि आधीच्या क्लबचे अचूक नाव द्यावे लागते. या प्रक्रियेत काही आठवडे सहज जातात.

काही विद्यार्थी हा वेळ वाचवण्यासाठी अर्जावर ‘याआधी कोणत्याही क्लबकडून खेळलो नाही’ असे लिहितात. हे करू नये. भारतातली नोंदणी संगणकीकृत आहे, खोटे उघड झाले तर संघाचे गुण जाऊ शकतात आणि खेळाडूवर बंदी येऊ शकते. आपल्या एका ओळीमुळे वीस जणांचा हंगाम बिघडणे, ही नव्या गावात सुरुवात करण्याची सर्वांत वाईट रीत आहे.

आता तारखांचा हिशेब पाहू. जर्मन हौशी खेळाडूंसाठी संघबदलाचे दोन काळ असतात: 1 जुलै ते 31 ऑगस्ट आणि 1 ते 31 जानेवारी. हिवाळी सत्र मात्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते, म्हणजे विद्यार्थी पोहोचतो तेव्हा पहिला काळ संपलेला असतो. त्यावर एक उतारा आहे. शेवटचा अधिकृत सामना खेळून सहा महिने उलटले असतील, तर सर्वसाधारण नियमानुसार नव्या संघाकडून खेळण्याआधीचा प्रतीक्षाकाळ उरत नाही. समजा आपला विद्यार्थी कोल्हापुरात शेवटचा सामना 20 मे रोजी खेळला आणि सप्टेंबरच्या शेवटी आखेनला पोहोचला. ऑक्टोबरमध्ये तो सरावाला जाऊ लागेल, सहा महिने 20 नोव्हेंबरला पूर्ण होतील, प्रमाणपत्राची वाट पाहता पाहता डिसेंबर उजाडेल आणि डिसेंबरच्या मध्याच्या आसपास हिवाळी विश्रांती सुरू होईल. म्हणजे त्याचा पहिला साखळी सामना प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये होईल. नेमके तेच परीक्षांचे दिवस असतात. क्लबमध्ये जायचे असेल तर हे वेळापत्रक गृहीत धरूनच जावे. ‘चार महिने सराव करूनही खेळवत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचे कागद वाटेत असतात, प्रशिक्षकाचा त्यात दोष नसतो.

संघातले वातावरण

विद्यापीठाच्या गटात ब्राझील, तुर्की, इराण, चीन असा सारा जगाचा नकाशा भेटतो आणि पहिल्याच संध्याकाळी ओळखी होतात. पण दर सत्राला निम्मी माणसे बदलतात आणि सुट्टीत गट थंडावतो. नव्याने आलेल्याला हे सोयीचे असते. दोन वर्षे राहणाऱ्याला ते काहीसे पोकळ वाटू लागते.

क्लबमध्ये उलट अनुभव येतो. तिथली मुले सहा वर्षांची असल्यापासून एकत्र खेळलेली असतात. त्यांच्या विनोदांचे संदर्भ पंधरा वर्षांपूर्वीचे असतात आणि नव्या माणसाला पहिले दोन महिने कोणी फारसे विचारत नाही. यात तुच्छता असेलच असे नाही. ओळख वाढायला तिथे वेळ लागतो. काही रीती मात्र पहिल्या दिवसापासून पाळाव्या लागतात. आल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीत प्रत्येकाशी हात मिळवायचा. येता येणार नसेल तर संघाच्या ग्रुपवर आधी कळवायचे. उशीर झाला, न कळवता गैरहजर राहिले किंवा बूट विसरले, तर ‘मानशाफ्ट्सकासे’ म्हणजे संघाच्या गल्ल्यात दंड भरायचा. दंडाचे दर अनेक संघांत भिंतीवर लावलेले असतात. हा दंड हसत भरायचा असतो, त्यावर वाद घालणारा मुलगा लोकांच्या लक्षात राहतो.

पहिल्या सामन्यानंतर किंवा पहिल्या गोलनंतर नव्या खेळाडूने पेयांचा एक क्रेट आणण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. स्वतः मद्य घेत नसाल तर ‘मी पीत नाही’ एवढे सरळ सांगितलेले चालते आणि सफरचंदाच्या रसाची सोड्यातली ‘शोर्ले’ हातात घेऊन बसता येते. सामना संपल्याबरोबर घरी निघून जाणे मात्र खटकते. मांसाहार न करणाऱ्याने क्लबच्या मेजवानीला स्वतःचे पनीर शेगडीवर भाजायला नेले तर ते सहसा सगळ्यांत आधी संपते. सामुदायिक स्नानगृह हा आपल्याकडच्या मुलांना सर्वांत अवघड वाटणारा भाग आहे. घरी जाऊन आंघोळ केली तरी कोणी अडवत नाही. मैदान साफ करणे, लहान मुलांच्या स्पर्धेच्या दिवशी खाद्यपदार्थांच्या टपरीवर उभे राहणे, अशी कामेही वाट्याला येतात. ओळखी खरोखर जुळतात त्या या टपरीवर, असे माझे मत आहे.

भाषा

विद्यापीठात इंग्रजीवर सर्व भागते. क्लबमध्ये प्रशिक्षक तुमच्याशी दोन वाक्ये इंग्रजीत बोलेल, पण मध्यंतरातले त्याचे वेगवान बोलणे जर्मनमध्येच असेल, शिवाय त्यात स्थानिक बोलीही मिसळलेली असेल. वर्गात बी-1 पातळी गाठलेल्यालाही ते सुरुवातीला उमगत नाही. सुदैवाने मैदानावरची भाषा वीसेक शब्दांची आहे. ‘हिंटरमान’ म्हणजे पाठीवर माणूस आहे, ‘त्साइट’ म्हणजे वेळ आहे, घाई नको, ‘राउस’ म्हणजे बचावफळीने पुढे सरकायचे, आणि ‘लेओ’ अशी आरोळी आली तर चेंडू ओरडणाऱ्याचा आहे, तुम्ही बाजूला व्हायचे. हे शब्द न कळल्याने होणारी टक्कर व्याकरणाच्या चुकीपेक्षा महाग पडते. क्लबमध्ये सगळे एकमेकांना ‘डू’ म्हणजे अरेतुरेच करतात, वयस्क अध्यक्षांनाही. मराठी मुलाला हे जड जाते, पण तिथे ‘झी’ म्हटले तर उगाच अंतर वाढते.

खर्च आणि बाहेर पडणे

क्लबची वर्गणी सहसा महिन्याला 10 ते 20 युरोंच्या आसपास असते, विद्यार्थ्यांना अनेकदा सवलत मिळते आणि रक्कम थेट बँक खात्यातून वळती होते. सभासदाला क्लबमार्फत क्रीडा विम्याचे संरक्षणही मिळते. चाचणीच्या आठवड्यांत ते मिळते का, हे मात्र विचारून घ्यावे. विद्यापीठाचे शुल्क सत्र संपले की आपोआप थांबते. क्लबचे तसे नसते. सभासदत्व लेखी सोडावे लागते आणि क्लबच्या नियमावलीनुसार ते सहामाही किंवा वर्षाच्या शेवटीच संपते. इंटर्नशिपसाठी म्युनिकला गेलेल्या मुलाच्या खात्यातून आखेनची वर्गणी जात राहते ती यामुळे. कोणी सामन्यामागे पैसे देऊ केले, तर ते विद्यार्थी व्हिसावरच्या कामात मोजले जाऊ शकतात. परदेशी नागरिक कार्यालयाला विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत.

एका सत्रासाठी आलेल्याने, जर्मन अजिबात न येणाऱ्याने किंवा फक्त घाम गाळायचा असलेल्याने विद्यापीठाचा गट निवडावा. दोन वर्षे राहणार असाल आणि तुटके का होईना जर्मन बोलण्याची तयारी असेल, तर क्लब अधिक देतो. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही एकत्र ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते: परवान्याची वाट पाहताना विद्यापीठात सामने खेळावेत आणि क्लबमध्ये सराव करावा. मात्र क्लबला ईमेल ऑक्टोबरमध्ये न पाठवता व्हिसा हातात आल्याबरोबर पाठवावा, आणि निघण्यापूर्वी आपल्या संघाच्या सचिवांकडून शेवटच्या सामन्याची तारीख व नोंदणीची माहिती लेखी घ्यावी.